बँक गॅरंटीऐवजी (बीजी) विमा कंपनीचा परफॉर्मन्स बॉण्ड: वर्षभरानंतरचा हिशेब

मागच्या आठवड्यात विमा कंपनीचा मेल आला: बॉण्डला मुदतवाढ हवी असेल तर नवा लेखापरीक्षित ताळेबंद पाठवा. जागेचा ताबा खात्याने उशिरा दिला, म्हणून खात्यानेच सहा महिने वाढवून दिले. तरी कागद पुन्हा मीच गोळा करायचे! त्या वैतागातच हे लिहायला बसलोय.

काम केंद्र सरकारच्या एका खात्याच्या इमारतीचं, 4.80 कोटींचं. सुरक्षा ठेव 5 टक्के, म्हणजे 24 लाख; त्यासाठी मी विमा कंपनीचा बॉण्ड दिला. मुदत 18 महिने, पुढे 24 महिने दोषदुरुस्तीची जबाबदारी म्हणजे डीएलपी, म्हणून बॉण्ड साडेतीन वर्षांचा. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राच्या वित्तीय नियमांत बदल झाला आणि बँक गॅरंटीच्या जोडीला विमा कंपनीच्या हमीचा, म्हणजे शुअरिटी बॉण्डही चालायला लागला. विमा नियामक इर्डाच्या मार्गदर्शक सूचना त्याच वर्षी 1 एप्रिलपासून लागू झाल्या. पण राज्याचं किंवा नगरपालिकेचं काम असेल तर निविदेच्या अटीत शुअरिटी बॉण्डचा उल्लेख आहे का ते आधी बघा. नसेल तर अर्ज करण्यातच अर्थ नाही.

अर्जासोबत स्वीकारपत्र, निविदेतला बॉण्डचा मसुदा, तीन वर्षांचे ताळेबंद आणि नफातोटा पत्रकं, आयकर व जीएसटी विवरणपत्रं, बँकेचं मंजुरीपत्र, सीएचं नेटवर्थ प्रमाणपत्र (यूडीआयएनसकट) आणि हातातल्या कामांची यादी दिली. यादीत प्रत्येक कामाची किंमत, झालेलं बिल आणि शिल्लक काम वेगवेगळं लिहावं लागतं. माझी शिल्लक 5.20 कोटींची आणि मागच्या वर्षीची उलाढाल 6 कोटींची. त्यामुळे पहिलाच प्रश्न आला की हे 4.80 कोटींचं काम वाढल्यावर माणसं आणि पैसा कुठून आणणार. प्रश्न रास्त होता. दोन कामं संपत आल्याची मोजमापं दाखवली आणि तो मिटला.

मिटलं नाही ते अण्णांच्या पैशांचं. माझ्या ताळेबंदात वडिलांचे 40 लाख विनातारण कर्ज म्हणून दिसतात. घरातला पैसा आहे, कोणी मागायला येणार नाही. पण कंपनीच्या लेखी ते कर्जच. नेटवर्थ 1.10 कोटी, एकूण देणी 2.20 कोटी, म्हणजे देणी नेटवर्थच्या दुप्पट. फाईल तिथेच अडली. शेवटी अण्णांनी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की बॉण्ड सुटेपर्यंत हे पैसे काढणार नाही. मग तेच 40 लाख भांडवलात धरले गेले: देणी 1.80, नेटवर्थ 1.50, प्रमाण 1.2. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, पण फाईल सुटली. ज्यांच्या ताळेबंदात घरच्यांचे पैसे आहेत त्यांनी हा कागद अर्जाबरोबरच जोडावा. माझे दोन आठवडे यातच गेले, आणि वर अण्णांचं ऐकावं लागलं: "माझ्याच पैशाला मीच कुलूप लावू का?"

आता पैशांचं. प्रीमियम वर्षाला 2 टक्के, म्हणजे 48 हजार; साडेतीन वर्षांचे 1,68,000 एकदम भरायचे. बँकेचं कमिशन दीड टक्का, एकूण 1,26,000. (जीएसटीचं इनपुट मिळतं, म्हणून दोन्हीकडे सोडून दिलाय.) 42 हजार जास्त गेले म्हणून सुरुवातीचे दोन महिने मी चरफडत होतो. मग बीजीचं मार्जिन आठवलं. बँक 25 टक्के, म्हणजे 6 लाखांची एफडी अडकवते. एफडीला 7 टक्के मिळतात आणि तेवढीच रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उचलली की साडेदहा टक्के जातात. वर्षाला 21 हजारांचा फटका, साडेतीन वर्षांत 73,500. म्हणजे बॉण्डच साडेएकतीस हजारांनी स्वस्त पडला. शिवाय उरलेल्या 18 लाखांसाठी प्लॉट तारण द्यावा लागला नाही. तेव्हापासून तक्रार बंद केली होती, या मेलपर्यंत.

आमचा एक भागीदार अजूनही समजतो की विमा काढलाय म्हणजे काम बुडालं तर कंपनी भरेल. कंपनी खात्याला भरेल, हे खरं. पण करार कायद्याच्या कलम 145 प्रमाणे जामीनदाराने रास्तपणे भरलेली रक्कम मूळ देणेकऱ्याकडून वसूल होते, आणि वर आम्ही सगळ्या भागीदारांनी वैयक्तिक हमीच्या करारावर सह्या केल्यात. दावा आला तर वसुली आमच्या घरापर्यंत येणार.

मुदतवाढीत मात्र बँक बरी. लिमिट मोकळी असली तर मॅनेजर कमिशन कापून पत्र देतो. इथे सहा महिन्यांचे 24 हजार तर द्यायचेच, वर फाईल पुन्हा नव्याने तपासली जाते. आणि यंदाच्या ताळेबंदात खात्याकडून येणी वाढलेली दिसणार, कारण तिसरं बिल अजून अडकलंय. पुढच्या वेळी बॉण्ड घेण्याआधी मुदतवाढीला काय काय लागेल ते कंपनीकडून लेखी घेणार आहे. तूर्तास सीएला फोन केलाय, आणि अण्णांना नवा स्टॅम्पपेपर लागेल हे अजून सांगितलेलं नाही.