चॅटवर ‘ओके’ लिहिलं आणि १०,६५० रुपयांचा क्लेम बंद झाला

मिरजेहून नागपूरला तानपुरा मागवला होता. किंमत २६,५००, कुरिअर १,४५० आणि वाटेत मोडतोड झाली तर म्हणून ‘रिस्क’चे वेगळे ५३०. भोपळ्याला देठापासून खालपर्यंत तडा गेलेला.

खोक्याचा एक कोपरा आत दबलेला जिन्यातच दिसत होता. पोऱ्या म्हणाला, “ओटीपी सांगा ताई, अजून खूप ठिकाणी जायचंय.” त्या मेसेजमध्येच लिहिलं होतं, माल सुस्थितीत मिळाला असेल तरच ओटीपी द्या. पण दारात माणूस ताटकळत असताना मेसेज शेवटपर्यंत कोण वाचतं? पावतीवर ‘कोपरा दबलेला’ एवढं लिहून सही केली असती, तरी पुढचं रामायण टळलं असतं.

मग कुरिअर कंपनीच्या चॅटवर मी लिहिलं, “तानपुरा फोडलात, पैसे परत करा, नाहीतर बघा.” राग रास्तच, पण त्यात ना डॉकेट म्हणजे कुरिअरच्या पावतीचा नंबर, ना रक्कम. समोरून आलं, “क्षमस्व. १,४५० चं कूपन देतो, चालेल?” मला वाटलं हे भाड्याचं, नुकसानीचं वेगळं मिळेल. ‘ओके’ म्हटलं. लगेच मेसेज आला, ‘तक्रार ग्राहकाच्या संमतीने निकाली.’ ही निव्वळ लबाडी आहे!

ऑफिसात गेले तर म्हणे ऑनलाइन बघा. पोलीस चौकीत म्हणे दिवाणी बाब आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही पहिला प्रश्न तोच, कंपनीला लेखी कळवलंय का? मग चॅटवर बोलले ते काय हवेत?

शेवटी शिव्या गाळून ईमेल केला:

“विषय: नुकसानभरपाई मागणी, डॉकेट क्र. …
वरील पार्सल … रोजी फुटलेल्या अवस्थेत मिळाले. रिस्क शुल्क ५३० रुपये भरले आहे. सोबत: दबलेल्या कोपऱ्याचे व लेबलचे फोटो, उघडतानाचा व्हिडिओ, तानपुऱ्याचे बिल, कारागिराचे अंदाजपत्रक, चॅटचे स्क्रीनशॉट. चॅटवरील ‘ओके’ ही अंतिम तडजोड नव्हती. कूपन वापरलेले नाही, ते रद्द करावे. मागणी: दुरुस्ती ९,२०० अधिक भाडे १,४५०, एकूण १०,६५० रुपये बँक खात्यात, १५ दिवसांत. खोका व पॅकिंग तपासणीसाठी राखून ठेवले आहे.”

अंदाजपत्रक कारागिराच्या लेटरहेडवरच घ्या. भोपळा बदलणं आणि जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारांची गुंज जुळवणं, वेगवेगळं लिहून. खोका भंगारात देऊ नका, ‘पॅकिंग खराब होतं’ ही त्यांची ठरलेली पळवाट आहे.

उत्तर आलं, डॉकेटच्या मागे बारीक अक्षरांत जबाबदारीची मर्यादा छापली आहे. मग रिस्क शुल्क कशाचं घेतलं, असं त्याच ईमेलवर विचारलंय. पंधरा दिवस उलटले की ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकणार. ५ लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही आणि तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते. कूपन अजून खात्यात पडून आहे. कोणी कितीही सांगितलं तरी ते वापरू नका.