‘एडिटोरियल प्लेलिस्टची हमी’ : २१९ डॉलर गेले, गाणंही गेलं

स्पॉटिफायचे एडिटर स्वतः निवडतात त्या एडिटोरियल प्लेलिस्टमध्ये जायची माझ्या गाण्याला मिळणारी एकमेव संधी घालवण्यासाठी मी एका माणसाला २०९ डॉलर दिले. वर १० डॉलर दंड बसला तो वेगळाच. पैसे घेऊन अशा प्लेलिस्टची हमी देणारे हे लोक कसे गाठतात ते सगळ्यांना माहीत आहे. आवाजाचं कौतुक, चार स्क्रीनशॉट, “आतले एडिटर ओळखीचे आहेत”. ते सांगत बसत नाही. मला चीड आहे ती त्याने तारखेशी केलेल्या खेळाची.

मी काही अगदी अडाणी नव्हते. गाणं महिनाभर आधी डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते स्पॉटिफायवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, चढवलं होतं आणि तारीख शुक्रवारची धरली होती. २०१५ पासून जगभर नवीन गाणी शुक्रवारी येतात, श्रोत्यांना नवीन गाणी सुचवणारी स्पॉटिफायची रिलीज रडार ही यादीही शुक्रवारीच बदलते. याने आधी १४९ डॉलर घेतले. मग म्हणाला, “शुक्रवारी मोठ्या लेबलांच्या गर्दीत तुमचं गाणं दिसणारच नाही. या मंगळवारचा स्लॉट आहे, ६० डॉलर जास्त.” गर्दीचं खरं आहे, म्हणूनच मला पटलं. तुम्हालाही पटलं असतं. पण स्लॉट नावाचा प्रकारच नसतो. तारीख डिस्ट्रिब्युटरच्या पानावर मीच बदलली, तीही फुकट. मग ते ६० डॉलर कशाचे?

मंगळवार होता चार दिवसांवर. खरी मेख तिथेच होती.

पिच करायची, म्हणजे एडिटरपुढे गाणं ठेवायची, जागा एकच: कलाकारांसाठीचं स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स. डिस्ट्रिब्युटरने गाणं पोचवलं की ते तिथे ‘अपकमिंग’मध्ये दिसतं. मग फॉर्म भरायचा: प्रकार, मूड, वाद्यं, भाषा, आणि गाण्याबद्दल ५०० अक्षरांत चार ओळी. एक पैसा लागत नाही. रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पिच केलं, तर एडिटरने घेवो न घेवो, तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये तेच गाणं जातं. एका वेळी एकच गाणं देता येतं. आणि गाणं बाहेर आलं की तो फॉर्म त्या गाण्यापुरता संपला. तारीख अलीकडे ओढून त्याने माझे सात दिवस आधीच खाल्ले होते. वर बजावलं, “तुम्ही स्वतः पिच करू नका, दोन पिच भिडतात.” म्हणून उरलेल्या चार दिवसांतही मी फॉर्म भरला नाही.

नंतर त्याने लिहिलं, “गाणं लाइव्ह झालं की लिंक पाठवा, मग मी एडिटरकडे पिच टाकतो.” लाइव्ह झाल्यावर? हे वाक्य मी वाचलं आणि ‘ओके’ लिहिलं! एडिटोरियल पिच अप्रकाशित गाण्याचंच होतं, हे मला ठाऊक होतं. पण तो ‘आतला’ म्हणवत होता. आतल्यांचा वेगळा रस्ता असेल असं वाटलं. असा रस्ता नाही. कुणी रिलीजनंतरची लिंक मागून एडिटोरियलची हमी देत असेल तर तिथेच ब्लॉक करा.

मंगळवारनंतर स्ट्रीम धडाधड वाढले आणि मी दोन दिवस खूशही होते. मग आकडे नीट पाहिले. ऐकणारे मोजके, स्ट्रीम त्यांच्या कितीतरी पट, सेव्ह जवळपास नाहीत, आणि माझं नावही कुणी ऐकलं नसेल अशा एक-दोन शहरांतून सगळा ओघ. कोणत्या प्लेलिस्टमधून येतायत ते पाहिलं, तर कुणा अनोळखी खात्याच्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गाण्यांनी भरलेल्या याद्या. बॉट. स्वतःच्या गाण्याचा प्लेलिस्टचा तक्ता पहिल्याच आठवड्यात उघडा, आकड्यांवर भाळू नका.

पुढचा तमाशा डिस्ट्रिब्युटरचा. ‘कृत्रिम स्ट्रीमिंग’ म्हणून गाणं काढलं, १० डॉलर कापले. मी पावत्या आणि सगळा संवाद पाठवला. उत्तर आलं की प्रमोशन कुणाकडून करवायचं ही कलाकाराची जबाबदारी. पुन्हा लिहिलं, तर तोच परिच्छेद, फक्त खाली सही वेगळ्या नावाची. माणूस कुठे बसतो तेच कळत नाही. पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं तर विचारूच नका: मी ‘मित्राला पाठवले’ या पर्यायाने भरले होते (त्यानेच सांगितलं होतं, शुल्क वाचतं म्हणून), त्यामुळे संरक्षण लागू नाही. सेवा मिळाली नाही म्हटलं तर म्हणतात, स्ट्रीम आले ना? म्हणजे ज्या बॉटसाठी एकाने दंड केला, तीच दुसऱ्याच्या लेखी सेवा.

पुढच्या गाण्याची तारीख चार आठवडे पुढची ठेवली आहे. ‘अपकमिंग’मध्ये दिसल्या दिवशी पिच मी स्वतः केलं. खाली कुणी ‘मॅम, इनबॉक्स चेक करा’ लिहिलं तर नाव-खात्यासकट इथेच टाकेन.