सहा महिने वापरून: रुंदी जुळली, जाडीने दगा दिला

हा 449 रुपयांचा बाइक होल्डर घेतला आणि पहिल्याच महिन्यात गंगाखेड रोडवर एका गतिरोधकावर मोबाइल उडून टाकीवर आदळला. फुटली ती टेम्पर्ड ग्लास, खालची काच वाचली. त्या रात्री एक स्टार देऊन मोकळा झालो होतो. आज तो बदलतोय, पण पूर्ण नाही.

विक्रेत्याशी आठवडाभर भांडलो. त्याचं एकच पालुपद, "60 ते 82 मिमी लिहिलंय ना साहेब, तुमचा फोन बसतोच." आणि बसत होताच! फोनचं लिहिलेलं माप 163.6 × 76.2 × 8.3. मी मधला आकडा पाहिला, कव्हरचे दोन्ही बाजूंचे मिळून तीन मिमी धरले, 79 झाले आणि घेऊन टाकला. तिसऱ्या आकड्याकडे कोण बघतं? बनी तो बनी, नहीं तो परभणी.

शेवटी ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने व्हर्निअर लावला. होल्डरच्या पाठपट्टीपासून बाजूच्या नखाच्या आतल्या बाजूपर्यंतची जागा भरली 11 मिमी. कव्हरसकट फोनची कड 10.7, कारण मागे कव्हर दीड मिमीच्या वर आणि पुढे काचेवर उचललेली कड वेगळी. इथवर ठीक. पण कॅमेऱ्याभोवती कव्हरला जी उंच रिंग आहे तिथे आकडा निघाला 12.2. कंपनी जी जाडी लिहिते ती सहसा फोनच्या सपाट भागाची असते, कॅमेऱ्याचा उंचवटा त्यात धरलेला नसतो. आमची रिंग पाठपट्टीवर टेकत होती, त्यामुळे फोन पुढे सरकून नखं काचेवर न येता कडेलाच घासत होती. पकड दिसायला घट्ट, प्रत्यक्षात नुसता दाब. ओळखायची खूण सोपी: नखाखाली कागदाची पट्टी सारून बघा. माझ्याकडे ती जायला जागाच नव्हती, कारण नख काचेवर आलंच नव्हतं.

मग फोन दोन सेंटिमीटर वर सरकवून लावला. रिंग पट्टीच्या बाहेर गेली, पाठ सपाट टेकली, नखं काचेवर आली. शिवाय पॉवर बटण नखाखालून सुटलं, नाहीतर अधूनमधून स्क्रीन आपोआप बंद व्हायची आणि मी त्याला फोनचा बिघाड समजत होतो.

मेहुण्याने मात्र "6.7 इंची" एवढं बघून कव्हर मागवलं, ते त्याच्या फोनला सैल झालं. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण, बॉडीचा नव्हे.

पाच महिने झाले, फोन पडलेला नाही. वरचा भाग खड्ड्यात थोडा डुलतो. साडेतीन स्टार; अर्धा स्टार नखाची खोली जाहिरातीत कुठेच न लिहिल्याबद्दल कापला, एक फुटलेल्या ग्लासचा. कव्हर नवीन घेणार नाही, 150 रुपये जातात.