अनुदाननिहाय अंदाजपत्रक व प्रत्यक्ष खर्च: प्रत्येक अनुदानाचे वेगळे पत्रक की सर्वांची एकच खर्चनोंद?

दोन-तीन देणगीदारांच्या पैशावर काम करणाऱ्या संस्थेत मंजूर रक्कम, झालेला खर्च, शिल्लक निधी आणि तफावतीची कारणे दाखवणारे पत्रक साधारणपणे दोन रीतींनी तयार होते. पहिल्या रीतीत प्रत्येक अनुदानासाठी एक्सेलमध्ये स्वतंत्र पत्रक असते आणि तिमाही संपली की हिशेबनीस टॅलीतील आकडे पाहून ते भरतो. दुसऱ्या रीतीत खर्चाची प्रत्येक ओळ एकाच नोंदीत जाते; तिच्यापुढे अनुदानाचा, प्रकल्पाचा आणि अंदाजपत्रकातील शीर्षाचा संकेतांक असतो आणि पत्रके त्या नोंदीवरून सूत्राने निघतात. कोणती रीत घ्यावी हे अनुदानांच्या संख्येपेक्षा त्यांच्यात काय सामायिक आहे यावर अधिक ठरते.

आधी दोन्ही रीतींत हमखास एकमेकांत मिसळले जाणारे दोन आकडे वेगळे करू. उदाहरणार्थ, एका कंपनीच्या सीएसआर निधीतून गावपाण्याच्या प्रकल्पाला 18,00,000 रुपये मंजूर आहेत, पहिला हप्ता 12,00,000 रुपयांचा आला आहे, त्यावर 14,000 रुपये व्याज मिळाले आहे आणि 31 मार्चपर्यंत 10,40,000 रुपये खर्च झाले आहेत. मंजूर रक्कम वजा खर्च ही तफावत 7,60,000 रुपये येते. पण अखर्चित निधी म्हणजे हाती आलेला व न वापरलेला पैसा, आणि तो हप्ता अधिक व्याज वजा खर्च, म्हणजे 1,74,000 रुपये इतकाच आहे. 7,60,000 मधून न आलेला 6,00,000 रुपयांचा हप्ता वजा करून व्याज मिळवले की 1,74,000 जुळतात. ही जुळवणी पत्रकाच्या तळाशी कायम असावी. बँकेतली शिल्लक आणखी वेगळी असू शकते, कारण कर्मचाऱ्यांना दिलेली आणि अजून बिले न आलेली उचल खात्यातून गेलेली असते, पण ती अजून खर्च नसते.

स्वतंत्र पत्रकाचे बलस्थान असे की ते देणगीदाराच्या नमुन्यातच बनते, शीर्षांची नावे त्याच्या मंजुरीपत्रातली असतात आणि शेरा त्याच ओळीत बसतो. अनुदाने एक-दोनच असतील, कोणाचेही मानधन विभागलेले नसेल आणि सर्वांचे वर्ष एप्रिल ते मार्च असेल, तर याहून जास्त काही उभारण्याची गरज नाही. मात्र समन्वयकाचे 30,000 रुपये मानधन दोन अनुदानांत 60 आणि 40 टक्के विभागले आणि तिसऱ्या अनुदानाच्या पत्रकात त्याच व्यक्तीचे आणखी 25 टक्के लिहिले गेले, तर तिन्ही पत्रके आपापल्या जागी बरोबर दिसतात. एकूण 125 टक्के झाल्याचे कोणत्याही पत्रकात दिसत नाही. एकच बिल दोन देणगीदारांना दाखवले जाण्याची चूकही इथेच लपते, आणि लेखापरीक्षकाने ती काढली की प्रश्न त्या बिलापुरता उरत नाही.

एकत्र नोंदीत व्यक्तीनिहाय बेरीज घेतली की ही चूक लगेच समोर येते. तारखेचा स्तंभ असल्यामुळे परदेशी देणगीदारासाठी 30 जूनपर्यंतचा आणि लेखापरीक्षणासाठी 31 मार्चपर्यंतचा आकडा त्याच ओळींतून निघतो. सूत्र साधारण असे असते:

```
=SUMIFS(Reg!$F:$F,Reg!$B:$B,$A$1,Reg!$D:$D,$A5,Reg!$A:$A,"<="&$B$1)
```

इथे B स्तंभात अनुदानाचा संकेतांक, D मध्ये शीर्ष, F मध्ये रक्कम आणि A मध्ये तारीख आहे. या रीतीचा खरा शत्रू म्हणजे संकेतांकाच्या शेवटी राहून गेलेली मोकळी जागा: ती ओळ बेरजेत येत नाही, कोणतीही चूक दाखवली जात नाही, खर्च कमी आणि अखर्चित निधी जास्त दिसतो. म्हणून संकेतांक टाइप न करता यादीतून निवडण्याची सोय करावी, आणि सर्व अनुदानांचा खर्च अधिक संस्थेच्या स्वतःच्या निधीतील खर्च यांची बेरीज टॅलीतील एकूण खर्चाशी दर महिन्याला जुळवावी. परदेशी निधीची बँक खाती आणि हिशेबवह्या कायद्याने वेगळ्याच ठेवाव्या लागतात. एकत्र नोंद केवळ वाचण्यासाठी आहे, ती त्या वह्यांची जागा घेत नाही.

या रीतीचा दुसरा कच्चा दुवा म्हणजे शेरे. पिव्हट टेबलच्या शेजारी कारणे लिहून ठेवली आणि पुढच्या तिमाहीत एक नवे शीर्ष वाढले, तर आकडे खाली सरकतात आणि शेरे जागेवरच राहतात. प्रवासाचे कारण प्रशिक्षणापुढे जाऊन बसते. त्यामुळे शेऱ्यांचा वेगळा तक्ता करून त्यात अनुदान, शीर्ष आणि तिमाही या तिन्हींचे संकेतांक द्यावेत आणि तिथून ते पत्रकात ओढून घ्यावेत. माझ्या मते एवढी शिस्त पाळायची तयारी नसेल, तर शेऱ्यांपुरते स्वतंत्र पत्रकच बरे.

शेरा कसा लिहावा याचे उत्तर मात्र दोन्ही रीतींत एकच आहे. वरच्याच प्रकल्पात प्रशिक्षणासाठी 20 शिबिरे, प्रत्येकी 12,000 रुपये, म्हणजे 2,40,000 रुपये मंजूर होते. 6 शिबिरे झाली आणि प्रत्येकी 10,000 रुपये लागले, म्हणून खर्च 60,000 रुपये आणि तफावत 1,80,000 रुपये. 'शिबिरे उशिरा झाल्याने खर्च कमी' हा शेरा अपुरा आहे. न झालेल्या 14 शिबिरांचे 1,68,000 रुपये पुढे खर्च होणार आहेत, तर झालेल्या शिबिरांत गावातच जेवण व जागा मिळाल्याने वाचलेले 12,000 रुपये ही खरी बचत आहे, आणि ती दुसऱ्या शीर्षाखाली वळवायची तर देणगीदाराची लेखी परवानगी लागू शकते. कारण, रक्कम आणि त्या पैशाचे पुढे काय होणार, हे तिन्ही शेऱ्यात असले की देणगीदाराकडून उलट पत्र येत नाही.

सीएसआर निधीच्या बाबतीत वेगालाही किंमत आहे. संस्थेला पैसे दिले म्हणजे कंपनीचा खर्च झाला असे धरले जात नाही; संस्थेने ते वापरावे लागतात. चालू प्रकल्पातील न वापरलेली रक्कम कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून 30 दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते, म्हणून तिला आपला 31 मार्चचा आकडा एप्रिलच्या सुरुवातीलाच हवा असतो. एकत्र नोंद रोजच्या रोज भरलेली असेल तर तो त्या आठवड्यात देता येतो. तिमाहीनंतर भरायच्या पत्रकात मार्चची बिले आणि उचलीचा हिशेब येईपर्यंत अर्धा महिना सहज निघून जातो.

टॅलीत कॉस्ट कॅटेगरी आणि कॉस्ट सेंटर सुरू करून हेच काम करता येते आणि आकडे दोनदा भरावे लागत नाहीत, ही तिची जमेची बाजू आहे. मात्र समन्वयकाचा प्रवास एक देणगीदार 'प्रवास' मानतो आणि दुसरा 'प्रशिक्षण' मानतो, अशी शीर्षांची अदलाबदल टॅलीच्या खात्यांत नीट बसवण्यासाठी कार्यालयात रोज नोंद करणारा हिशेबनीस हवा. तो आठवड्यातून एकदाच येत असेल, तर एक्सेलमधील एकत्र नोंद निवडावी आणि ती टॅलीतून महिन्याला एकदा उतरवून घ्यावी. चालू वर्षाच्या मध्येच रीत बदलायची असेल, तर 1 एप्रिलपासूनच्या सर्व ओळी संकेतांकासह पुन्हा भराव्यात. केवळ आरंभीची शिल्लक एका ओळीत आणली, तर मागच्या महिन्यांची शीर्षनिहाय तफावत कायमची हरवते.