12x + 18y = 90: करून बघायचं, बाकी धरायची की युक्लिडने जायचं?

भाची एका स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, तिने रात्री व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. पेन 12 रुपयाला, वही 18 रुपयाला, 90 रुपये बरोबर संपवायचे, किती प्रकारे? खाली तिचाच प्रश्न, "मामा, उत्तर 2 की 3?" तिचं 2 आलेलं, मैत्रिणीचं 3, आणि गंमत म्हणजे आकडेमोड दोघींचीही बरोबर होती. भाचीने नैसर्गिक संख्या धरल्या, म्हणजे दोन्ही वस्तू निदान एकेक तरी घ्यायच्या, आणि मैत्रिणीने पूर्ण संख्या धरल्या, म्हणजे शून्य पेन पण चालतात. आणि पेपरात पूर्णांक म्हटलं असतं तर वजा संख्या पण आल्या आणि मग उत्तरं अनंत. म्हणून पद्धत निवडायच्या आधी प्रश्नातला हा एक शब्द बघा, यात निम्मी भांडणं मिटतात.

आता पद्धत. तीन आहेत, आणि मला कोणी विचारलं की कुठली शिकू, तर मी उलट विचारतो की तुला नक्की काय पाहिजे, एक उत्तर, सगळी उत्तरं, की फक्त किती आहेत तो आकडा.

पण तिन्हींच्या आधी एक काम कॉमन आहे, 12 आणि 18 चा मसावि काढा. तो 6. उजवीकडच्या 90 ला 6 ने भाग जातो, म्हणून अख्खं समीकरण 6 ने भागून 2x + 3y = 15 करून टाका. भाग गेला नसता, समजा 90 च्या जागी 100 असते, तर तिथेच पेन खाली ठेवायचं, कारण 12 च्या पटीत 18 ची पट मिळवली की बेरीज कायम 6 च्या पटीतच येणार आणि 100 तशी नाही. आपल्याकडे हे खूप आधीपासून माहीत आहे, भास्कराचार्यांच्या 1150 च्या लीलावतीत असल्या उदाहरणाला सरळ 'दुष्ट' म्हणजे मुळातच सदोष म्हटलंय. करून बघणाऱ्याला मात्र हे कळत नाही, तो वह्यांची संख्या 0 पासून 5 पर्यंत सगळी टाकून बघतो, जमत नाही, मग वाटतं आपलंच कुठेतरी चुकलं, परत पहिल्यापासून.

पहिली पद्धत म्हणजे तीच, करून बघणं. हिला उगाच नावं ठेवतात. 2x + 3y = 15 मध्ये y ला 0, 1, 2, 3, 4, 5 देऊन बघा, 1 ला x = 6, 3 ला x = 3, 5 ला x = 0, बाकीच्यांना अपूर्णांक. झालं, तीस सेकंद. फक्त एक गोष्ट पाळा, किंमत नेहमी मोठ्या सहगुणकाच्या चलाला द्या. इथे 3 हा y चा आहे म्हणून y ला 6 किमती, तेच x ला दिल्या असत्या तर 0 ते 7 अशा 8. फरक लहान दिसतो, पण आकडे वाढले की हाच फरक अंगावर येतो. आणि आलेख काढणं हे पण याच जातीतलं, रेषेवर जाळीचे बिंदू शोधायचे. दहावीला एकसामयिक समीकरणांसाठी आलेख ठीक आहे, इथे मी नाही काढणार, रेषा बिंदूच्या अगदी जवळून गेली की पेन्सिलीच्या जाडीत फसायला होतं.

दुसरी पद्धत बाकी धरण्याची, आणि माझं मत विचाराल तर परीक्षेसाठी हीच. 2x + 3y = 15 कडे नुसतं बघा. 2x सम आहे, 15 विषम आहे, तर 3y विषमच पाहिजे, म्हणजे y विषम. y पाचाच्या वर जाऊ शकत नाही, मग 1, 3, 5. एकही गुणाकार न करता तीन उत्तरं. आता हाच प्रश्न 90 ऐवजी 9000 रुपयांचा करा, भागून 2x + 3y = 1500, आता y सम पाहिजे, 0 पासून 500 पर्यंत, म्हणजे 251 प्रकार. करून बघणाऱ्याला इथे संध्याकाळ होईल. 'किती प्रकारे' असं विचारलं असेल तर दुसरीकडे बघूच नका.

पण समविषम ही सोपी केस झाली, कारण सहगुणक 2 निघाला. जरा कडक आकडे घेऊ, 37x + 53y = 1000. मसावि 1, भागायला काही नाही. इथे 37 ने भागून काय बाकी राहते ते बघायचं. 1000 ची बाकी 1, कारण 999 म्हणजे 27 गुणिले 37. 53 ची बाकी 16. म्हणजे आपल्याला असा y हवा की 16y ला 37 ने भागल्यावर 1 उरेल. आता गुणाकार नाही करायचा, नुसतं 16 मिळवत जायचं आणि 37 च्या वर गेलं की 37 काढून टाकायचे: 16, 32, 11, 27, 6, 22, 1. सातव्या पावलाला 1 आला, म्हणून y = 7. मग 53 सत्ते 371, 1000 मधून गेले, उरले 629, आणि 629 म्हणजे 37 गुणिले 17. उत्तर (17, 7). पुढचा y असेल 7 + 37 = 44, पण 53 गुणिले 44 हे हजाराच्या कितीतरी वर, म्हणून पूर्ण संख्यांत हे एकच उत्तर. करून बघताना पण सातव्याच्या आसपास सापडलं असतं म्हणा, पण तिथे प्रत्येक पावलाला तीन अंकी वजाबाकी आणि 37 ने भागाकार, इथे तोंडी बेरीज.

हिची मर्यादा अशी की सहगुणक तीन-चार अंकी झाले तर ही पावलं शेकड्यांत जाऊ शकतात. तिथे तिसरी.

तिसरी युक्लिडची, आपल्याकडचं नाव कुट्टक. आर्यभटाने 499 मध्ये दिलेली रीत, कुट्टक म्हणजे कुटणारा, आकडे कुटून कुटून बारीक करायचे. 53 भागिले 37 बाकी 16, 37 भागिले 16 बाकी 5, 16 भागिले 5 बाकी 1. तीन भागाकारांत 1 वर आलो. आता उलट चढायचं: 1 = 16 − 3×5, त्यातल्या 5 च्या जागी 37 − 2×16, म्हणून 1 = 7×16 − 3×37, मग 16 च्या जागी 53 − 37, शेवटी 1 = 7×53 − 10×37. ताळा: 371 − 370, बरोबर. हजाराने गुणलं की x = −10000, y = 7000. हे बघून पोरं घाबरतात, वजा दहा हजार पेनं! घाबरू नका, उत्तर बरोबरच आहे, फक्त लांब कुठेतरी आहे. x मध्ये 53 मिळवत आणि y मधून 37 काढत यायचं: x = −10000 + 53t, y = 7000 − 37t. दोन्ही शून्याच्या वर राहायला t किमान 189 पाहिजे आणि जास्तीत जास्त पण 189, आणि तिथे परत (17, 7).

एवढ्याशा गणिताला हा घाट जास्तच आहे, मान्य. पण लामे या फ्रेंच गणितज्ञाने 1844 मध्ये दाखवलंय की युक्लिडच्या भागाकारांची संख्या लहान आकड्याच्या अंकसंख्येच्या पाचपटीच्या वर जात नाही. म्हणजे तीन अंकी आकड्याला वाईटात वाईट 15 भागाकार, जिथे बाकी धरण्याच्या पद्धतीला कदाचित नऊशे पावलं. आणि सगळे पूर्णांक उकल लिहा असं म्हटलं तर t वालं सूत्र लागतंच. उलट चढताना चिन्ह चुकतं, हे मात्र सगळ्यांचं होतं, माझं अजून होतं, म्हणून प्रत्येक ओळीला वरच्यासारखा ताळा घ्या.

या सूत्रात एक चूक मी इतक्यांदा बघितलीय की सांगायलाच पाहिजे. पोरं 6 ने न भागता मूळ समीकरणावरूनच लिहितात: एक उत्तर (0, 5), म्हणून x = 18t, y = 5 − 12t. टाकून बघितलं तर प्रत्येक t ला बरोबर येतं, त्यामुळे संशयच येत नाही. पण पूर्ण संख्यांत बघा, t = 0 सोडून काही उरत नाही, (3, 3) आणि (6, 1) दोन्ही गायब. पाऊल सहापट लांब पडलं. बरोबर पाऊल x ला 3 आणि y ला 2, म्हणजे x = 3t, y = 5 − 2t. दुकानात उभं राहून विचार केला तर लगेच पटतं, 3 पेनं 36 ची, 2 वह्या 36 च्या, तेवढ्यास तेवढी अदलाबदल, आणि 36 हा 12 आणि 18 चा लसावि. तुमच्या पावलाची किंमत लसावि एवढी येत नसेल तर मधली उत्तरं सुटतायत. इथे 18 पेनांची किंमत 216 येते, तिथेच चूक सापडली.

कॉम्प्युटरवर करणार असाल तर दोन लूप लावू नका, एक पुरतो, तो पण मोठ्या सहगुणकावर:

```python
for y in range(1000//53 + 1):
    if (1000 - 53*y) % 37 == 0:
        print((1000 - 53*y)//37, y)
```

19 फेऱ्यांत `17 7` छापून मोकळा. आकडे फार मोठे असतील तर लूप सोडा आणि `pow(16, -1, 37)` करा, पायथन 3.8 पासून हे चालतं आणि 7 देतं, हा आपला सोळाच्या पायऱ्यांवरून उतरून आलेला सातच. भाचीच्या गणितावर मी हौसेने `pow(12, -1, 18)` मारून बघितलं तर `ValueError: base is not invertible for the given modulus` आला. 6 ने भागायचं मीच विसरलो होतो.