पक्षाचा राजीनामा: हातात द्यावा, टपालाने पाठवावा की मेसेज करावा?

सरकारी नोकरीत रुजू होण्याआधी पक्षाचं सदस्यत्व सोडायचं, असा प्रसंग युवक आघाडीत काम केलेल्या बऱ्याच मुलामुलींवर येतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 मधल्या नियम 5 नुसार सरकारी कर्मचाऱ्याला कोणत्याही राजकीय पक्षाचं सदस्य राहता येत नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती पुढे. पत्र चार ओळींचं असतं. ते कुठल्या वाटेने पाठवायचं, यावर नंतरची डोकेदुखी किती हे ठरतं.

आधी मजकूर, कारण तो तिन्ही वाटांना सारखाच लागतो. समजा 15 जूनला रुजू व्हायचंय. मग 2 जूनचं पत्र साधारण असं:

दिनांक: 2 जून
प्रति, मा. जिल्हाध्यक्ष, (पक्षाचे नाव), (जिल्हा)
विषय: प्राथमिक सदस्यत्व व पदाचा राजीनामा
महोदय,
मी पक्षाच्या प्राथमिक सदस्यत्वाचा (सदस्य क्र. / नोंदणीचा मोबाइल क्र. ...) तसेच युवक आघाडीच्या तालुका सरचिटणीस पदाचा आजपासून राजीनामा देत आहे. यापुढे माझे नाव व छायाचित्र पक्षाच्या यादीत, फलकांवर किंवा समाजमाध्यमांवर वापरू नये, ही विनंती. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.
कळावे,
(सही, पूर्ण नाव, पत्ता)

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. नुसता पदाचा राजीनामा दिला की माणूस सरचिटणीस राहत नाही, सदस्य मात्र राहतो. म्हणून ‘प्राथमिक सदस्यत्व’ हे शब्द हवेतच. नोंदणीचा मोबाइल क्रमांक यासाठी, की मिस्ड कॉलवर सदस्य झालेल्यांची ओळख यादीत बहुधा त्या नंबरावरूनच पटते. आणि ‘मंजूर करावा, ही विनंती’ हे नेहमीचं वाक्य गाळलंय. ते लिहिलं की मंजुरी येईपर्यंत तुम्ही सदस्यच, असं म्हणायला समोरच्याला आयती जागा मिळते. कारण द्यायचंच असेल तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ पुरे. नाराजीचा एक शब्द जरी आला, तरी पत्राची बातमी होते.

फलकाची ओळ काहींना आगाऊ वाटेल. पण गणपतीत साहेबांच्या शुभेच्छा फलकावर खालच्या रांगेतल्या गोल चौकटीत तुमचा फोटो झळकला, तर तो काढून घ्यायला सांगण्यासाठी हीच ओळ हाताशी असते. फ्लेक्स छापणारा जुनी फाइल उघडून फक्त सणाचं नाव बदलतो. त्यात कुणाचा डाव असतोच असं नाही.

आता वाटा. पत्र हातात देणं ही सगळ्यात सभ्य पद्धत, हे मान्य. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर सतरंज्या उचलल्या, त्यांना समोर जाऊन सांगावंसं वाटतं. छोट्या तालुक्यात तर उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असतं. अध्यक्ष समजूतदार असेल आणि कार्यालयात आवक नोंदवही ठेवणारा माणूस असेल, तर पाच मिनिटांत काम होतं: दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्यायची.

गोची त्या तारखेतच आहे, आणि माझं मत फिरलं तेही तिच्यामुळेच. पत्र घेतात, चहा पाजतात, ‘साहेबांशी बोलून घे एकदा’ म्हणतात, आणि घडी घालून खिशात टाकतात. पोच मागितली की ‘आपल्यात कसली पोच?’ फारच आग्रह धरला तर कोपऱ्यात एक सही मिळते, तारखेविना. वाद कधी झालाच तर तो ‘रुजू होण्याआधी सोडलं की नंतर’ एवढाच असणार, आणि नेमकं तेच त्या सहीवरून कळत नाही. शिवाय निवडणूक नसताना तालुका कार्यालय म्हणजे कुणाच्या तरी दुकानाचं बंद शटर असतं. माझ्या पाहण्यातला अनुभव असा. तुमच्याकडे कारभार नेटका असेलही.

व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल जलद आहेत, शिवाय मजकूर आणि वेळ दोन्ही नोंदले जातात, हे त्यांच्या बाजूने. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर राजीनामा टाकला की तो अर्ध्या तासात तालुकाभर फिरतो; सभ्य पत्राचा हेतूच संपतो. ग्रुप सोडणं म्हणजे राजीनामा, असं समजणारेही भेटतात. तसं नसतं. ईमेल त्यापेक्षा बरं, पण जिल्हा शाखेचा पत्ता अनेकदा मागच्या पदाधिकाऱ्याच्या नावाचा निघतो आणि मेल परत येतो. तेवढ्यावर एकट्याने विसंबू नये.

उरलं टपाल. थोडं कोरडं वाटतं, हे खरं. आपण ज्याला रजिस्ट्री म्हणायचो ती सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळली, त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्टच करायचं. पाकिटावर अध्यक्षांचं नाव न घालता ‘मा. जिल्हाध्यक्ष’ आणि जिल्हा कार्यालयाचा पत्ता लिहावा. नावाने पाठवलं आणि ते गावात नसले, तर पाकीट परत येऊ शकतं. एक प्रत प्रदेश कार्यालयाला वेगळ्या पाकिटात जाऊ द्या. पावतीवर तारीख छापलेली येते, तिच्यासाठी कुणाची विनवणी लागत नाही. पाकीट घ्यायला नकार दिला तर पोस्टमनचा तसा शेरा पडतो, आणि तोही आपल्याच कामाचा. पावतीची शाई महिन्याभरात फिकी पडते, म्हणून फोटो लगेच काढावा. पाकीट पोहोचल्याचं ट्रॅकिंगचं पानही छापून ठेवावं, ते कायम दिसत राहत नाही.

टपालाची एक लंगडी बाजू आहे: पाकीट गेलं हे सिद्ध होतं, आत काय होतं ते होत नाही. ‘आत दिवाळीचं ग्रीटिंग होतं’ असं कुणी म्हणालं, तर पावती गप्प. यावर उपाय म्हणजे त्याच दिवशी सही केलेल्या पत्राचा आणि पावतीचा फोटो जिल्हा आणि प्रदेश अशा दोन्ही ईमेलवर पाठवायचा, आणि मेलमध्ये स्पीड पोस्टचा तेरा अक्षरांचा क्रमांक टाकायचा. मजकूर मेल सांगतो, पाठवल्याची तारीख टपाल. एक मेल परत आला तरी दुसरा बहुधा राहतो.

म्हणून माझा कौल, अर्थात परिस्थिती पाहून, टपाल अधिक ईमेल असा. भेटायला जरूर जावं, पण पत्र टाकून झाल्यावर, रिकाम्या हाताने. पत्र आधीच गेलेलं असलं की ‘जरा थांब, पुढच्या बैठकीनंतर दे’ या आग्रहाला काही अर्थ उरत नाही, आणि चहा निवांत पिता येतो.

एका माणसाने मात्र यातलं काहीच आपल्या मनाने करू नये: पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला नगरसेवक किंवा जिल्हा परिषद सदस्य. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम 1986 खाली स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडलं की सदस्यपदच धोक्यात येतं. वर दिलेलं चार ओळींचं पत्र त्याच्याविरुद्धचा आयता पुरावा ठरेल. त्याने आधी वकील गाठावा. ग्रामपंचायत सदस्याला ही भीती नाही, कारण ती निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही.