हिरवी टिक नेमकं काय सांगते? स्पॉटिफाय आठ महिने वापरल्यानंतर

आवाज, शोध आणि शिफारशी याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात पडत नाही. रोजच्या वापरात खटकते ती एकच गोष्ट: गाण्याशेजारची हिरवी टिक. गाणं 'काढलं' तरी ते अजून दिसतं, किंवा ठेवलंय असं वाटतं आणि लाइक्ड साँग्समध्ये सापडत नाही, या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा या टिकमध्येच असतं.

2023 पर्यंत तिथे हार्ट होतं. भरलेलं हार्ट म्हणजे गाणं लाइक केलेलं, विषय संपला. आता अधिकचं चिन्ह आहे. एकदा दाबलं की गाणं लाइक्ड साँग्समध्ये जातं आणि टिक येते. पण गाणं तुमच्या एखाद्या प्लेलिस्टमध्ये असेल, तरीही तशीच टिक दिसते. म्हणजे गाणं 'कुठेतरी ठेवलंय' एवढंच ती सांगते, कुठे ते सांगत नाही. खात्री करायची तर टिकवरच पुन्हा दाबा. यादी उघडते, त्यात लाइक्ड साँग्स आणि तुमच्या प्लेलिस्ट वेगवेगळ्या दिसतात. जिथून काढायचं, फक्त तिथली खूण काढा. बाकीच्या तशाच राहतात.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. दहा गाण्यांचा अल्बम आहे. अल्बमच्या पानावरचं अधिक दाबलं की अल्बम युअर लायब्ररीत येतो, पण लाइक्ड साँग्सचा आकडा एकानेही वाढत नाही. (2019 आधी अल्बम सेव्ह केला की त्यातली सगळी गाणी गाण्यांच्या यादीत जात. जुन्या वापरकर्त्यांची गफलत तिथूनच सुरू होते.) त्यातली तीन गाणी लाइक केली आणि त्या तिनांतली दोन एका प्लेलिस्टमध्ये टाकली. मग अल्बम लायब्ररीतून काढला. अल्बमची ओळ गेली, पण तीन लाइक आणि प्लेलिस्टमधली दोन गाणी जागच्या जागी आहेत. आता तिन्ही लाइक काढले, तरी प्लेलिस्टमधल्या दोघांना धक्का लागत नाही, आणि त्या दोघांपुढची टिकही जात नाही! 'काढलं तरी जात नाही' ही तक्रार ऐकू येते ती इथेच. काहीही बिघडलेलं नसतं, गाणं प्लेलिस्टमध्ये आहे म्हणून टिक आहे.

आणखी एक फसवी जागा: तेच गाणं सिंगल म्हणून आधी आलेलं असतं आणि नंतर अल्बममध्ये पुन्हा येतं. ऐकायला एकच, पण नोंदी दोन. सिंगलचा लाइक काढला म्हणजे अल्बममधल्या नोंदीचाही निघाला, असं धरून चालू नका.

सुरुवातीला हा प्रकार फार त्रासाचा वाटला होता. एक गाणं डोळ्यांआड करायला तीन ठिकाणी हात घालायचा? ॲपल म्युझिकशी तुलना केल्यावर मत बदललं. तिथे लायब्ररी हा पाया आहे. `Delete from Library` केलं की गाणं तुमच्या सगळ्या प्लेलिस्टमधूनही जातं, आणि फोनमधली जागा मोकळी करायला निघालेला माणूस `Remove Download` ऐवजी घाईत तेच दाबून बसतो. नीट क्रम लावून केलेल्या प्लेलिस्टला अशी भोकं पडण्यापेक्षा तीन ठिकाणी हात घालणं परवडलं. म्हणून माझा राग आता कप्पे वेगळे ठेवण्यावर नाही, तिन्हींना एकच खूण देण्यावर आहे. लाइकची खूण निराळी ठेवली असती तर हा लेख लिहावाच लागला नसता.

कप्पे एकमेकांना लागतात ते फक्त डाउनलोडमध्ये. डाउनलोड केलेला अल्बम लायब्ररीतून काढला की त्याचं डाउनलोडही जातं. त्यातलं एखादं गाणं डाउनलोड केलेल्या दुसऱ्या प्लेलिस्टमध्ये असेल, तर ते मात्र ऑफलाइन वाजत राहतं.

काही गमावण्याची खरी भीती आहे ती लाइक्ड साँग्समध्ये. स्वतःची प्लेलिस्ट चुकून डिलीट झाली तर ब्राउझरमध्ये खात्याच्या पानावर `Recover playlists` मधून 90 दिवसांच्या आत परत आणता येते. लाइक्ड साँग्समधून काढलेल्या गाण्यांसाठी अशी सोय नाही. त्यामुळे तिथे साफसफाई करण्याआधी संगणकावरच्या ॲपमध्ये लाइक्ड साँग्स उघडा, एका गाण्यावर क्लिक करून `Ctrl+A`, मग `Ctrl+C`, आणि नव्या रिकाम्या प्लेलिस्टमध्ये जाऊन `Ctrl+V`. एका प्लेलिस्टमध्ये 10,000 गाणी मावतात, यादी त्याहून मोठी असेल तर दोन भाग करा. ही प्रत त्या दिवसापुरतीच असते. नंतर केलेले लाइक तिच्यात आपोआप येत नाहीत, आणि काढलेले तिच्यातून जातही नाहीत.